कावळीच्या घरट्यातले कोयलचे पिल्लू

आमच्या शाळेच्या आवारात एक जुना कडुनिंब आहे आणि जवळजवळ दरवर्षी त्याच्यावर कावळ्याचे घरटे असते. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्ट्या लागायच्या आधी, सहावीच्या वर्गात पक्ष्यांचा विषय निघाला. खिडकीतून ते घरटे दिसत होते आणि पलीकडच्या आंब्यावर कोकीळ ओरडत होता. एका मुलाने विचारले, "सर, कोयल कव्वे के घोंसले में अंडे क्यों देती?" आम्ही नेहमीचे उत्तर देऊन टाकले. कोकिळेला घरटे बांधायचा आळस, कावळा मूर्ख, आणि कोकिळेचे पिल्लू बाहेर आले की कावळ्याची पिल्ले ढकलून देते. वर्ग हसला. तास संपला.

त्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे आईवडील नाहीत, त्याला खालेने वाढवले आहे. खालेची स्वतःची तीन मुले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या कानावर आले की पोरे त्याला 'कोयल का बच्चा' म्हणून चिडवत आहेत. शब्द त्यांचे होते, पण माल आम्ही पुरवला होता. आम्ही त्यांना रागावलो, मुले गप्प झाली. तो मुलगा मात्र सुट्टीच्या आदल्या दिवशी वही तपासून घेताना हळूच म्हणाला, "सर, कव्वी को मालूम नहीं पड़ता क्या?"

त्याला काय सांगायचे ते आम्हाला सुचले नाही. खरे सांगायचे तर आम्हाला ठाऊकच नव्हते. वर्गात सांगितलेले उत्तर आम्ही स्वतः चौथीत असताना ऐकलेले होते आणि पुढे बीएड झाले तरी ते कधी तपासून पाहिले नव्हते. त्याच वर्गातल्या एका मुलीने तर तेव्हाच हात वर करून म्हटले होते, "सर, काबीलला दफन कसे करायचे ते कावळ्याने शिकवले, मग तो मूर्ख कसा?" सूरह माइदामधला तो किस्सा मुलांना दीनियातच्या तासाला सांगितलेला असतो. त्या वेळी आम्ही हसून तो प्रश्न टाळला होता.

मग मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोन गोष्टी केल्या. वाचनालयातून पुस्तके आणली, आणि रोज फजरनंतर व असरनंतर घराच्या गच्चीवरून त्या निंबाकडे पाहत बसलो. आमची गच्ची शाळेच्या भिंतीला लागूनच आहे.

पहिली चूक तर तिथेच कळली. आपण 'कोकिळा गाते' म्हणतो, पण 'कुहू कुहू' करणारा नर असतो. तो काळाकुळकुळीत, डोळे लालभडक. मादी तपकिरी, अंगभर पांढरट ठिपके, आणि तिचा आवाज 'किक किक किक' असा घाईचा. ती पानांत बसली की दिसत नाही. अंडे घालते ती हीच, आणि नजरेत न येण्यातच तिचे सगळे काम होते.

कावळी तीन ते पाच अंडी घालते. ती फिकट निळसर हिरवी असतात, त्यावर तपकिरी ठिपके. कोकिळेचे अंडे त्याहून लहान, पण रंग जवळपास तसाच. कावळा-कावळी जरा बाजूला झाली की मादी घरट्यात शिरते आणि काम उरकून निघून जाते. एकाच घरट्यात कोकिळेची एकाहून जास्त अंडी असणेही नवल नाही. तेव्हा नर जवळपास ओरडत असतो आणि कावळे त्याच्या मागे लागतात, असे जुने लोक सांगतात. आम्हीही कावळ्यांना त्याला पिटाळताना दोनदा पाहिले. पण ती ठरवून केलेली फसवणूक होती, की कावळा तसाही कोकिळाला पिटाळतोच, हे गच्चीवरून ठरवता येण्यासारखे नव्हते.

आता अंडे घातल्यानंतरचे गणित. कोकिळेच्या अंड्यातून पिल्लू बारा ते चौदा दिवसांत बाहेर येते, कावळीच्या अंड्याला सोळा-सतरा दिवस लागतात. म्हणजे पाहुणा दोन-तीन दिवस आधीच जेवायला बसलेला असतो. घरट्यातला पहिला घास त्याचा, पहिली वाढ त्याची.

दुसरी चूक याहून मोठी निघाली. कोकिळेचे पिल्लू कावळ्याची पिल्ले ढकलत नाही. आम्ही वर्गात छातीठोकपणे जे सांगितले होते, ते आमच्या कोकिळेचे नव्हतेच. ते युरोपातल्या कक्कूचे होते. ती गोष्ट पाठ्यपुस्तकांतून आणि टीव्हीवरून आपल्याकडे आली आणि आपण ती निंबावरच्या घरट्याला चिकटवून टाकली. आपल्या कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांबरोबर एकाच घरट्यात वाढते. ते आधी जन्मलेले आणि खादाड असल्यामुळे कधी कधी कावळ्याचे धाकटे पिल्लू उपाशी राहून मरते, हे खरे आहे. पण बरेचदा सगळी मिळून मोठी होतात. ढकलाढकली का नाही, याचे कारण अभ्यासक असे देतात की कावळ्याचे अंडे आणि पिल्लू मोठे, घरटे खोलगट. इवल्याशा उघड्या पिल्लाने ते ओझे काठावर न्यायचे म्हणजे स्वतःच खाली पडायचा धोका.

युरोपातल्या कक्कूची गोष्ट मात्र खरोखर काळीज हलवणारी आहे आणि ती पहिल्यांदा नीट लिहून ठेवणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. देवीच्या रोगावर लस शोधणारा एडवर्ड जेन्नर. लशीच्या आधी, 1788 साली, त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे कक्कूवर एक लेख दिला. एका छोट्या पक्ष्याच्या घरट्यात कक्कूचे नुकते जन्मलेले पिल्लू काय करते ते त्याने पाहिले होते. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. ते मागे सरकत सरकत शेजारचे अंडे किंवा पिल्लू आपल्या पाठीवर घेते, पंखांच्या कोंबांनी सावरते, घरट्याच्या भिंतीला पाय रोवून वर चढते आणि काठावरून टाकून देते. मग पुन्हा खाली उतरते, पुढच्यासाठी. त्याच्या पाठीवर खांद्यांच्या मध्ये एक खळगा असतो, अगदी अंडे बसेल असा. बारा-एक दिवसांनी तो खळगा भरून येतो आणि ढकलायची ऊर्मीही जाते. जेन्नरवर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. डोळे न उघडलेले पिल्लू असे करेल हे लोकांना पटेना. पुढे इतरांनीही ते पाहिले आणि चित्रपटातही टिपले.

या कामाला शिकवणी नाही. त्या पिल्लाने आपली आई कधी पाहिलेली नसते. म्हणून त्याला खुनी म्हणणे आम्हाला तरी जड जाते. अल्लाहने ज्याच्या अंगात जे ठेवले ते तो करतो. हिशेब ज्याच्याकडून घ्यायचा तो प्राणी वेगळा आहे.

मग कक्कूची मादी हे करते तरी का? 'आळस' हे उत्तर पुस्तके वाचल्यावर टिकत नाही. एडगर चान्स नावाच्या इंग्रजाने 1920च्या आसपास एका माळावर एकाच मादीचा हंगामभर पाठलाग केला. 1922 साली त्या मादीने एका हंगामात 25 अंडी घातली, प्रत्येक वेगळ्या घरट्यात. जो पक्षी स्वतः घरटे बांधून, अंडी उबवून, पिल्ले भरवून मोठी करतो, त्याला एका हंगामात चार-पाच, फार तर दोन वेळा मिळून आठ-दहा पिल्ले झेपतात. पिल्लांच्या तोंडात घास घालण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले की तेवढी ताकद अंड्यांकडे वळते. सबब सरळ आहे. पण आळस तर मुळीच नाही. ती दिवसचे दिवस उंच झाडावर बसून कोणता पक्षी घरट्यासाठी काडी नेतोय ते बघत असते, कारण तिचे अंडे नेमके त्याच दिवसांत पडायला हवे. लवकर पडले तर यजमान टाकून देतो, उशिरा पडले तर त्याची पिल्ले आधी मोठी होतात. तिथे शिरून एक अंडे चोचीत उचलायचे, आपले घालायचे आणि उडायचे, हे सगळे ती दहा-एक सेकंदांत उरकते. शिवाय ते अंडे ती पोटातच जवळजवळ एक दिवस जास्त ठेवते. त्यामुळे आतल्या जीवाची वाढ आधीच सुरू झालेली असते. पाहुणा आधी का जन्मतो त्याचे एक कारण हे.

आता त्या मुलाचा प्रश्न. कव्वीला कळत नाही का?

यावर केंब्रिजजवळच्या विकेन फेन नावाच्या दलदलीत निक डेव्हिस आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. तिथे लव्हाळ्यांत एक वटवट्या राहतो. वजन सुमारे बारा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखरेएवढा. त्याच्या घरट्यात कक्कू अंडे घालते. त्या लोकांनी रंगवलेली खोटी अंडी घरट्यांत ठेवून पाहिली. अंडे आपल्या अंड्यांसारखे असेल तर वटवट्या बहुधा स्वीकारतो, वेगळे असेल तर बरेचदा बाहेर टाकतो किंवा ते घरटेच सोडून देतो. म्हणजे तो आंधळा नाही, मूर्खही नाही. अंड्याच्या बाबतीत तो बऱ्यापैकी पारखी आहे. आणि त्याच पारखीमुळे कक्कूचे अंडे पिढ्यान्‌पिढ्या यजमानाच्या अंड्यासारखे होत गेले, नाही तर ते टिकलेच नसते.

पण हाच पारखी पक्षी अंडे फुटल्यावर आपल्याहून आठपट जड पिल्लाच्या तोंडात आख्खे डोके घालून घास भरवत राहतो. घास द्यायला त्याला पिल्लाच्या पाठीवर उभे राहावे लागते. तेच ते डोळे, मग अंडे ओळखता आले आणि पिल्लू का नाही?

इस्रायलचे आर्नन लोटेम यांनी 1993 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचा जो खुलासा दिला तो आम्ही तीनदा वाचला, तेव्हा कुठे डोक्यात बसला. तो असा. पक्षी आपले काय आणि परके काय हे जन्मतः जाणत नाही. पहिल्या विणीत जे दिसते ते तो 'आपले' म्हणून शिकतो. आता समजा, नव्या वटवट्याने पहिल्यांदा चार अंडी पाहिली, त्यात एक कक्कूचे. वाईटात वाईट म्हणजे तो चारही 'आपली' मानेल. तीन खरी आहेत, नुकसान एकाचे. पुढच्या वर्षी तो आपली स्वतःची अंडी तरी टाकून देणार नाही. पण पिल्लाच्या बाबतीत? कक्कूच्या पिल्लाने बाकी सगळ्यांना ढकलून दिल्यावर घरट्यात फक्त तेच असते. त्याने 'माझी पिल्ले अशी दिसतात' हे तिथे शिकायचे ठरवले, तर तो कक्कूच शिकेल. मग पुढच्या वर्षी स्वतःची खरी पिल्ले जन्मली की ती त्याला परकी वाटतील आणि तो त्यांना टाकून देईल. एका हंगामाची फसवणूक आयुष्यभराची होईल.

दुसरीकडे, जो काहीच शिकत नाही आणि 'माझ्या घरट्यात जे तोंड उघडते ते माझे' एवढेच मानतो, त्याचे काय जाते? दहा घरट्यांत एखाद्‌-दुसऱ्यात कक्कू आली तर तेवढा एक हंगाम गेला. बाकीच्या घरट्यांत त्याची स्वतःची पिल्ले सुखरूप. म्हणून पिल्लू पारखायचे शिकणे, या पक्ष्याला, न शिकण्यापेक्षा महाग पडते. आपल्याला भोळेपणा दिसतो तिथे असा हिशेब आहे. तो हिशेब पक्षी मांडत नाही. ज्यांच्या स्वभावात तो बसला त्यांची पिल्ले टिकली, एवढेच.

हा खुलासा सगळीकडे लागू नाही, हेही लिहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियात एक छोटा निळा पक्षी आहे, त्याच्या घरट्यात कक्कूचे पिल्लू एकटे उरले की तो पुष्कळदा घरटे सोडून निघून जातो. आणि आमच्या कावळीला तर तो जसाच्या तसा लागूच नाही, कारण तिच्या घरट्यात तिची स्वतःची पिल्लेही शेजारी असतात. तिथे कोकिळेचे पिल्लू दुसऱ्याच गोष्टीवर तगते. ते काळे असते. मोठी मादी तपकिरी ठिपक्यांची असली तरी घरट्यातली पिल्ले काळपट, कावळ्याच्या पिल्लांत खपून जातील अशी. आणि कावळीचे जे नुकसान होते ते वटवट्याच्या मानाने थोडे आहे. तिची सगळी पिल्ले जात नाहीत.

राहिला दुसरा प्रश्न. ओळखत नसेल, पण इतके भरवतो का? वटवट्याच्या स्वतःच्या चार पिल्लांना जितके लागते तितके घास त्या एकट्या पिल्लाला मिळतात, ते कसे? डेव्हिस, रेबेका किल्नर आणि डेव्हिड नोबल यांनी यावर एक सुंदर प्रयोग केला. 1998 मध्ये तो छापला. त्यांनी वटवट्याच्या घरट्यात थोड्या वेळासाठी कक्कूएवढ्या आकाराचे दुसऱ्याच पक्ष्याचे एक पिल्लू ठेवले. वटवट्याने त्यालाही भरवले, पण कक्कूइतके नाही. म्हणजे नुसता मोठा आकार पुरत नाही. मग घरट्याशेजारी छोटा स्पीकर ठेवून कक्कूच्या पिल्लाचा आवाज ऐकवला. लगेच घास वाढले, थेट कक्कूला मिळतात तितके झाले. एका वटवट्याच्या पिल्लाचा आवाज ऐकवला तर तसे होत नव्हते. सगळ्या पिल्लांचा मिळून कल्ला ऐकवला तर होत होते. कक्कूचे पिल्लू एकटे असून चार जणांचा गलका करते, 'सि-सि-सि-सि' असा न थांबणारा. आईबाप घरट्यात किती तोंडे उघडी दिसतात आणि किती ओरडा होतो, या दोन्हींवरून घास मोजतात. कक्कूचे तोंड एकच, ते चारांएवढे दिसत नाही. म्हणून जी कमी तोंडात पडते ती ते आवाजाने भरून काढते.

आमच्या अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात तान्हं रडायला लागलं की शेजारणीच्यासुद्धा छातीत दूध येतं. त्यात पुस्तक कशाला पाहायचं?" आम्ही म्हटले, तरी स्पीकर लावून बघितलं म्हणून खात्री झाली. त्यांना ते फारसे पटले नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडली. पहिल्याच आठवड्यात आम्ही सहावीतून सातवीत गेलेल्या त्या वर्गात गेलो आणि फळ्यावर लिहिले, 'एप्रिलमध्ये सरांनी तीन गोष्टी चुकीच्या सांगितल्या.' मुलांना भारी मजा आली. मग एकेक खोडत गेलो. कोकिळा आळशी नाही. कोकिळेचे पिल्लू ढकलत नाही. कावळा मूर्ख नाही. काबीलचा किस्सा विचारणाऱ्या मुलीने "मी म्हटलं होतं" असे दोनदा सांगितले, तिचा तो हक्कच होता.

पक्ष्यांची गोष्ट माणसांवर लावू नये हेही सांगितले, पण उपदेश करून नाही. एवढेच विचारले की कोकिळेच्या पिल्लाच्या बाबतीत कावळीला काय माहीत नसते? मुले म्हणाली, ते कोणाचे आहे ते. आणि खाला जेव्हा बहिणीच्या मुलाला घरी आणते तेव्हा तिला काय माहीत नसते? वर्ग जरा वेळ गप्प झाला. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "उनको तो सब मालूम रहता." आमच्यात यतीमाचे नाव त्याच्या बापाचेच राहते, नसब लपवून कोणी त्याला वाढवत नाही. खालेला आईच्या जागी मानतात ते त्याचमुळे, ती सगळे जाणून त्याला घास देते. हे आम्ही बोललो नाही. मुलांना दीनियातच्या तासाला शिकवलेले असते.

तास संपायच्या आधी खिडकीबाहेर ओरडा सुरू झाला. निंबाच्या आडव्या फांदीवर एक पिल्लू बसले होते, काळपट, शेपटी लांब, पंख थरथरवत, अंगावर पुसट फिक्या रेषा. कावळी आली, चोच त्याच्या घशात घातली आणि उडाली. मग वरच्या फांदीवरच्या दुसऱ्या पिल्लाकडे गेली. ते खरे कावळ्याचे होते. अशी दोन होती. सगळी मुले खिडकीशी. आम्ही सांगायच्या आधीच एकाने ओळखले, "सर, उसकी दुम लंबी है, वो कोयल है."

तो मुलगा कोपऱ्यात उभा होता. त्याने बोटावर मोजत पाहिले. कोकिळेला तीन घास, दुसऱ्या दोघांना मिळून चार. "सर," तो म्हणाला, "इसको जरा ज्यादा मिल रहा. ये चिल्लाता ज्यादा." मग घंटा झाली आणि तो डबा घेऊन बाहेर पळाला.